भिंत वाळली, शेड बदलली: पेंटरला लिहायचं पत्र

दिवाळीच्या तोंडावर घराघरांतून पेंटरला जाणारा एक निरोप ठरलेला असतो. ‘भिंत वाळली. तुम्ही दाखवलेला रंग हा नव्हे. पुन्हा मारून द्या.’ त्यावर येणारं उत्तरही ठरलेलं असतं. ‘ताई, शेड नंबर तोच आहे, डबा बघा. पूर्ण भिंतीवर रंग वेगळा दिसतोच.’ मग फोन होतात, आवाज चढतात, शेवटचा हप्ता अडकून पडतो आणि भिंत आहे तशीच राहते. अशा भांडणात बहुतेक वेळा कोणीच खोटं बोलत नसतं. घरातल्यांना रंग वेगळा दिसतोय हे खरं असतं आणि डब्यावरचा नंबर तोच आहे हेही खरं असतं. म्हणून तक्रारीचं पत्र लिहायला बसण्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागते: भिंत नुसती वेगळी दिसतेय, की खरोखरच वेगळी आहे? हे घरच्या घरी ठरवता येतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त मंजूर केलेला नमुना आणि रंगाचा डबा हाताशी असावा लागतो.

माझ्या आत्याच्या पुण्यातल्या फ्लॅटचा हॉल उदाहरणासाठी घेते. पंधरा बाय अकरा फूट, उंची साडेनऊ. दारं-खिडक्या वगळून रंगवायची भिंत साधारण चारशे चौरस फूट. पुट्टी जुनीच पण चांगली होती, त्यामुळे प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन हात असं काम ठरलं. शेड निवडली करड्याकडे झुकणारी फिकट हिरवी. पेंटरने त्या शेडचा एक लिटरचा डबा आणला आणि जाड ड्रॉइंग शीटवर आधी प्रायमर, मग दोन हात मारून नमुना करून दिला. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण वाळल्यावर आत्याने हॉलमध्येच उभं राहून होकार दिला. शीटच्या मागे शेड नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या झाल्या. ती शीट आत्याने कपाटात ठेवून दिली. बहुतेक घरांत नमुना थेट भिंतीवर मारतात आणि नंतर त्याच्यावरूनच रोलर फिरतो. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तीच गोष्ट नाहीशी होते. इथे ती शिल्लक होती, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

हॉल रंगवून झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याला भिंत पांढरट वाटली. हिरवेपणा उतरलेला, रंगात जीव नसलेला. ती लगेच फोन लावायला निघाली होती. तिला आणखी एक दिवस थांबायला सांगितलं. कारण ओल्या किंवा अर्धवट वाळलेल्या भिंतीवरून तक्रार करणं म्हणजे उत्तर पेंटरच्या हातात देणं. इमल्शनमध्ये बाइंडरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्यामुळे ओला रंग पाणी घातलेल्या दुधासारखा धुरकट दिसतो. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांत मिसळून त्यांचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो, धुरकटपणा जातो आणि मूळ रंग वर येतो. त्यामुळे इमल्शनच्या मध्यम आणि गडद शेड वाळताना सहसा थोड्या गडद होतात. चुन्याचं याच्या बरोबर उलट असतं. ओला चुना भिंतीवर जवळजवळ पारदर्शक असतो आणि वाळता वाळता पांढरा होत जातो. नीळ घातलेल्या चुन्याच्या किंवा जुन्या डिस्टेंपरच्या भिंती पाहत वाढलेल्या माणसांची अपेक्षा त्यामुळे अशी असते, की रंग वाळला की उजळणारच. इमल्शनला ती लावली की चूक होते. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यायचे आणि शेवटच्या हातानंतर शेडबद्दलचं मत किमान एक दिवसाने, पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांनी बनवायचं. आत्याची भिंत पूर्ण वाळल्यावरही पांढरटच राहिली.

आता नमुना भिंतीला लावायचा. हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तोच लोक नीट करत नाहीत. शीट हातात धरून तीन फुटांवरून ‘वेगळी दिसते’ म्हणणं पुरेसं नाही. नमुन्याच्या कागदाची पांढरी कड कापून टाकायची, म्हणजे रंग थेट कडेपर्यंत येतो. मग तो तुकडा भिंतीला अगदी सपाट चिकटवायचा, मध्ये फट किंवा सावली नको. नंतर समोरून, सरळ बघायचं. माणसाचा डोळा रंग लक्षात ठेवण्यात कच्चा असतो, पण दोन रंगांच्या कडा एकमेकांना भिडल्या की त्यांच्यातला बारीक फरकही तो पकडतो. भिंत आणि नमुना एकच असेल तर चार पावलं मागे गेल्यावर तुकड्याची कड शोधावी लागते. वेगळे असतील तर तुकडा चौकोन होऊन उभा राहतो. आत्याच्या भिंतीवर तो स्पष्ट उभा राहिला: नमुना गडद आणि हिरवा, भिंत फिकट.

ही तपासणी एकाच जागी करून थांबू नये. खिडकीजवळ, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, अशा तीन ठिकाणी तुकडा लावून बघावा; आणि एकदा दिवसाउजेडी, एकदा रात्री हॉलचे दिवे लावून. रंगाच्या दुनियेत मेटामेरिझम नावाचा प्रकार असतो. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे पडतात, कारण वरवर सारखी दिसणारी शेड वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेली असते. नमुना आणि भिंत दिवसा जुळत असतील आणि पिवळसर एलईडीखाली फुटत असतील, तर दोन्हींत घातलेली रंगद्रव्यं वेगळी असण्याची दाट शक्यता असते. आत्याच्या हॉलमध्ये फरक सगळीकडे आणि दोन्ही वेळा दिसला. म्हणजे दिव्यांचा दोष नव्हता.

‘पूर्ण भिंतीवर रंग वेगळा दिसतोच’ हे पेंटरचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही. ते खरं आहे, आणि त्याला दोनशे वर्षांचा एक भक्कम दाखलाही आहे. पॅरिसच्या गोब्लाँ या प्रसिद्ध गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात १८२४ मध्ये मिशेल यूजेन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रार आली, की निळ्या-जांभळ्या कापडांच्या घड्यांत सावलीसाठी वापरलेला काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने इतर ठिकाणचा काळा लोकर-धागा मागवून कारखान्याच्या धाग्याशी ताडून पाहिला. धाग्यात काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे काळा मलूल दिसत होता. या निरीक्षणातून त्याचं रंगांच्या परस्परविरोधावरचं मोठं पुस्तक १८३९ मध्ये आलं. तक्रार खरी होती, माल मात्र निर्दोष होता. आपल्या हॉलमध्येही हेच घडू शकतं. मरून सोफ्यामागची हिरवी भिंत जास्त हिरवी वाटते आणि खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड दुपारी निम्म्या भिंतीवर आपली छटा टाकतं.

पण हाच मुद्दा आत्याच्या बाजूने कसा पडतो ते पाहण्यासारखं आहे. चारही भिंती एकाच शेडच्या असल्या की एका भिंतीवरून परतलेला हिरवट प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो आणि तिथून पुन्हा मागे येतो. त्यामुळे खोलीत रंग शेड कार्डापेक्षा चढलेला, जास्त भरलेला दिसतो. आत्याची तक्रार नेमकी उलटी होती. तिची भिंत उतरलेली दिसत होती. म्हणजे पेंटर सांगत होता त्या कारणाने व्हायला हवा तो परिणाम दिसतच नव्हता. शिवाय नमुन्याचा तुकडा भिंतीला भिडवला की दोघांवर पडणारा प्रकाश एकच आणि शेजारचे रंगही एकच. तरीही फरक राहत असेल तर तो रंगातलाच आहे. पत्रात हे एक वाक्य असलं की ‘लाइटचा फरक आहे’ या उत्तराला जागा उरत नाही.

यानंतर डबा. पेंटर रिकामे डबे घेऊन जातात, तेव्हा हिशेब पूर्ण होईपर्यंत डबे घरातच राहतील हे आधीच सांगून ठेवावं. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण सव्वाशे ते दीडशे चौरस फूट भिंत होते, म्हणजे आत्याच्या हॉलला तीन लिटरच्या आसपास माल लागला होता आणि चार लिटरच्या डब्यात पाणी न घातलेला रंग उरला होता. दुकानातल्या टिंटिंग मशीनवर शेड तयार करतात तेव्हा झाकणावर एक स्टिकर लागतो. त्यावर शेड नंबर असतोच. शिवाय मालाचं नाव, कोणत्या बेसमध्ये रंग बनवला ते, डब्याचं माप आणि तारीख सहसा असते. आत्याने नमुन्याचा छोटा डबा आणि भिंतीचा मोठा डबा शेजारी ठेवून झाकणं पाहिली. शेड नंबर दोन्हींवर तोच होता. छोटा डबा शीन फिनिशच्या इमल्शनचा होता आणि मोठा त्याच कंपनीच्या स्वस्त मॅट इमल्शनचा. कोटेशनमध्ये शीन लिहिलेलं होतं.

शेड नंबर म्हणजे रंग, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नंबर हे फक्त लक्ष्य असतं. ते गाठायचं कसं, म्हणजे कुठल्या बेसमध्ये कोणत्या रंगद्रव्याचे किती मिलिलिटर सोडायचे, हे मशीनचा संगणक प्रत्येक मालासाठी वेगळं काढतो. महाग इमल्शनच्या पांढऱ्या बेसमध्ये झाकणशक्ती देणारा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतो. स्वस्त मालात तो कमी आणि खडू, चिनी माती यांसारखी भर जास्त असते. दोन्हींची शेड कागदावर एकच असली तरी भिंतीवर ती थोडी इकडेतिकडे होतेच, आणि शेड कार्डावर कंपन्या तशी सूचनाही छापतात. त्यात फिनिशचा फरक सगळ्यात मोठा. शीनचा पापुद्रा गुळगुळीत असतो. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा वरच्या थरावरून परतणारा भाग एकाच दिशेला जातो, म्हणून समोरून बघणाऱ्याला आतला रंग स्वच्छ आणि खोल दिसतो. मॅटचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. तो पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि रंगावर पांढरट थर असल्यासारखं वाटतं. आत्याला दिसलेला ‘जीव नसलेला’ रंग हाच होता.

एक खात्री अजून करायची होती. दोष डब्यातला की मारण्यातला? पेंटरने पाणी जास्त घातलं असेल, दुसरा हात चुकवला असेल, तरीही भिंत उतरते. मात्र तेव्हा ती एकसारखी उतरत नाही, रोलरचे पट्टे दिसतात, खालची पुट्टी डोकावते. प्रायमर नीट न झालेल्या जागी पुट्टी बाइंडर शोषते आणि तिथे निस्तेज डाग पडतात. ओलीमुळे खार फुटला असेल तर पांढरी पूड बोटाला लागते, आणि तेव्हा शेडबद्दल भांडण्यात अर्थ नसतो, आधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं. आत्याने मोठ्या डब्यातला उरलेला रंग तळापर्यंत ढवळून वेगळ्या ड्रॉइंग शीटवर, तसाच प्रायमर आणि तसेच दोन हात मारून वाळवला. ही नवी शीट भिंतीत मिसळून गेली आणि जुन्या नमुन्याशेजारी वेगळी पडली. म्हणजे पेंटरच्या हाताचं काम चोख होतं. डबाच दुसरा होता.

फोटोंबद्दल एवढंच. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग स्वतःच जुळवून घेतो, त्यामुळे नमुन्याचा एक फोटो आणि भिंतीचा दुसरा यांची तुलना काहीच सिद्ध करत नाही. नमुन्याचा तुकडा भिंतीवर चिकटलेला आहे, असा एकाच चौकटीतला फोटो काढावा, फ्लॅश बंद ठेवून, दिवसा. आणि दोन्ही झाकणांचा एकत्र फोटो.

मग आत्याने लिहिलेलं पत्र असं होतं:

‘दादा, स. न. वि. वि.

हॉलचं काम वेळेत आणि स्वच्छ झालं, फर्निचरवर एक थेंबही सांडला नाही, त्याबद्दल आभार. रंगाच्या शेडबद्दल मात्र हे पत्र लिहिते आहे.

आपण दोघांनी सही केलेला नमुना माझ्याकडे आहे. भिंत पूर्ण वाळल्यावर मी त्याचा तुकडा तीन ठिकाणी भिंतीला चिकटवून दिवसा आणि रात्री पाहिला. प्रत्येक वेळी भिंत नमुन्यापेक्षा फिकट आणि पांढरट दिसली. दोन्हींवर प्रकाश एकच असल्याने हा दिव्यांचा फरक नाही. फोटो जोडले आहेत.

दोन्ही डब्यांवर शेड नंबर एकच आहे. पण नमुना शीन इमल्शनचा होता आणि भिंतीला लावलेला डबा मॅट इमल्शनचा आहे. तुमच्या कोटेशनमध्ये शीन लिहिलेलं आहे. डबा बदलला तो दुकानात की आणताना, हे मला माहीत नाही आणि मी त्याबद्दल काही म्हणत नाही. उरलेला रंग कागदावर मारून पाहिला, तो भिंतीशी जुळतो, म्हणजे तुमच्या मारण्यात काही चूक नाही.

माझी मागणी अशी: नमुन्याचाच माल आणून आधी एका शीटवर दोन हात मारावेत. तो वाळून जुन्या नमुन्याशी जुळला की हॉलच्या चारही भिंती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन हात माराव्यात. मधेच ठिगळ नको. याचा माल आणि मजुरी मूळ रकमेतच धरावी. शेवटचा हप्ता मी बाजूला काढून ठेवला आहे, काम झालं की त्याच दिवशी देईन.

शनिवारी सकाळी येऊन तुम्ही स्वतः तुकडा भिंतीला लावून पाहावा. तोपर्यंत डबे आणि झाकणं मी तशीच ठेवते.

कळावे.’

या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटते ती मागणीची अचूकता. ‘काहीतरी करून द्या’ म्हटलं की पेंटर एक हात फिरवून मोकळा होतो. मॅटवर शीनचा एकच हात मारला तर चमक कमी-जास्त येते, म्हणून दोन हात मागायचे. भिंत आत्ताच रंगवलेली आणि पक्की असल्याने खरवडायची गरज नव्हती. बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून धूळ पुसली की पुरे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ही अट यासाठी, की सलग भिंतीच्या मध्यावर कितीही काळजीपूर्वक जोडलं तरी तिरप्या उजेडात सांधा दिसतो. आरोप टाळलेला आहे तोही विचारपूर्वक. डबा कोणी बदलला हे आत्याला खरंच माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते लिहिलं की मूळ मुद्दा बाजूला पडून भांडण त्याच वाक्यावर होतं.

प्रकरण असं मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथेही विचारलं जातं ते हेच: काय ठरलं होतं, कुठे लिहिलं होतं, फरक कसा दाखवाल.

आत्याच्या पेंटरने शनिवारी येऊन आधी तुकडा पाहिला, मग झाकणं. दुकानदाराला फोनवर नुसता शेड नंबर आणि ‘चार लिटर’ सांगितलं होतं, मालाचं नाव सांगायचं राहिलं, असं त्याने स्वतःच सांगितलं. नवा डबा दुकानदाराने आणि त्याने मिळून सोसला, मजुरी त्याने घेतली नाही. आत्यानेही मॅटचा उरलेला रंग बाल्कनीच्या आतल्या भिंतीला वापरायचं कबूल करून त्याचे पैसे दिले.

तुकडा भिंतीत मिसळून गेला असता, तर पत्र वेगळं लिहावं लागलं असतं. तेव्हा भिंत नमुन्याप्रमाणेच आहे आणि आपल्याला ती आवडत नाही, एवढंच म्हणता येतं. मग पहिला उपाय दिव्यांचा: पांढऱ्या एलईडीच्या जागी थोडा उबदार दिवा लावून चार दिवस बघायचं, कारण दिवा बदलणं हॉल रंगवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तरीही मन लागलं नाही, तर तो नवा रंग, नवं काम आणि नवं कोटेशन. त्यासाठी पुढचा नमुना किमान दोन फुटांच्या शीटवर करून घ्यावा, हॉलच्या प्रत्येक भिंतीला एकेक दिवस टेकवून ठेवावा आणि कोटेशनमध्ये शेड नंबरासोबत मालाचं पूर्ण नाव आणि फिनिश लिहून घ्यावं.